पीओ, जीआरएन आणि बिल: एक्सेप्शन रिपोर्ट बांधावा कसा, वाचावा कसा

पर्चेसची बिलं पास करायच्या टेबलावर नवीन माणूस बसला की पहिल्या आठवड्यातच त्याच्या हातात एक एक्सेल फाइल पडते: पीओ, जीआरएन आणि बिल यांचा मेळ घालणारा एक्सेप्शन रिपोर्ट. दीड-दोनशे ओळी, त्यातल्या निम्म्या लाल. वर कोणीतरी म्हणतं, "हे जरा क्लिअर करून टाक." क्लिअर म्हणजे नेमकं काय करायचं, हे मात्र कोणी सांगत नाही. मग माणूस एकेका ओळीसाठी स्टोअरला फोन लावत बसतो आणि संध्याकाळी निम्म्या ओळी निव्वळ हिशेबाच्या मांडणीमुळे लाल झाल्या होत्या असं निघतं.

ती फाइल रोज रात्री आपोआप तयार कशी होते, त्यात काय यायला हवं, काय येऊ नये आणि आलेली ओळ कोणाकडे जाते, एवढंच इथे बघू. उदाहरण एकच घेतो: किलोवर घेतलेला सीआर पत्रा, एक पीओ, दोन गाड्या, दोन बिलं. तुमच्याकडे बोल्ट असोत की पुठ्ठ्याचे खोके, हिशेब हाच.

तीन कागद, तीन हात

पीओ पर्चेसवाले काढतात: काय घ्यायचं, किती, कोणत्या रेटने. माल गेटवर आला की स्टोअर जीआरएन करतं: प्रत्यक्षात किती आलं. बिल पार्टी पाठवते: तिच्या मते तुम्ही किती देणं लागता. या तिन्हींचा मेळ घालण्याला अर्थ आहे तो हे कागद तीन वेगवेगळ्या हातांतून आलेले असतात म्हणून.

म्हणून रिपोर्ट बांधायच्या आधी एक गोष्ट तपासा. तुमचं स्टोअर जीआरएन कशावरून करतं? पुष्कळ ठिकाणी गाडी आली की चलनावरचा आकडा बघून तोच जीआरएनला टाकतात. चलनावरचा आकडा पार्टीचा, बिलावरचाही पार्टीचाच. दोन्ही अर्थातच जुळतात आणि रिपोर्ट स्वच्छ दिसतो, पण तपासलेलं काहीच नसतं. हे ओळखायला फार हुशारी लागत नाही. मागच्या तीन महिन्यांचे किलोवरच्या मालाचे जीआरएन काढा आणि आकडे बघा. वजनकाट्यावर २,५०० बरोबर असं वजन क्वचितच पडतं. २,४८८, २,५०६ असलं काहीतरी येतं. सगळे जीआरएन गोल आकड्यांचे असतील तर आधी स्टोअरशी बोला, काट्याची चिठ्ठी जीआरएनला जोडायची पद्धत पाडून घ्या, मग रिपोर्टकडे वळा.

आता आपलं उदाहरण.

पीओ: सीआर पत्रा १.६ मिमी, ५,००० किलो, रेट ६८ रुपये किलो, तारीख २ जून.

पहिली गाडी १० जूनला आली. बिल २,५०० किलोचं, रेट ६८. काट्यावर २,४८८ किलो भरलं. क्यूसीने सगळं पास केलं.

दुसरी गाडी १८ जूनला. बिल पुन्हा २,५०० किलोचं, पण रेट ६९.५०. काट्यावर २,४९० किलो भरलं. त्यातला १८० किलो पत्रा गंजलेला म्हणून क्यूसीने रिजेक्ट केला.

जीएसटी सध्या बाजूला ठेवतो. सगळे आकडे टॅक्सच्या आधीचे.

पायरी पहिली: ओळीला ओळ लावा, पण आधी बेरीज करून

मेळ पीओ नंबरवर घालायचा नसतो, पीओच्या ओळीवर घालायचा असतो. एका पीओत सहा आयटम असतील तर एकाचं जादा बिल आणि दुसऱ्याचं कमी बिल एकमेकांना झाकून टाकतात आणि एकूण रक्कम बरोबर येते. तेव्हा जीआरएनच्या आणि बिलाच्या प्रत्येक ओळीवर पीओ नंबर आणि पीओचा ओळ-नंबर, दोन्ही हवेत. बिल एंट्री करणाऱ्याने ओळ-नंबर टाकलाच नाही, तर पुढचं काहीही चालणार नाही.

यानंतर नवीन माणसाची जिथे हमखास फसगत होते ती जागा येते. जीआरएनची यादी आणि बिलांची यादी पीओ ओळीवरून थेट एकमेकांना जोडली तर काय होतं? आपल्या पीओला दोन जीआरएन आहेत, दोन बिलं आहेत. जोडल्यावर दोनाच्या चार ओळी होतात, कारण प्रत्येक जीआरएन प्रत्येक बिलाला चिकटतो. बेरीज केली की आलेला माल ९,९५६ किलो आणि बिल १०,००० किलोचं दिसतं. पीओ ५,००० चा. झाली लाल ओळ, तीही दणदणीत. खरं तर काहीच बिघडलेलं नाही.

उपाय साधा आहे: आधी जीआरएनची पीओ ओळीनुसार बेरीज, बिलांची वेगळी बेरीज, मग या दोन बेरजा पीओला जोडायच्या.

```sql
WITH g AS (
  SELECT po_no, po_line,
         SUM(recd_qty) AS recd, SUM(rej_qty) AS rej
  FROM grn GROUP BY po_no, po_line),
b AS (
  SELECT po_no, po_line, SUM(qty) AS billed
  FROM inv GROUP BY po_no, po_line)
SELECT p.po_no, p.po_line, p.qty,
       COALESCE(g.recd,0)   AS recd,
       COALESCE(g.rej,0)    AS rej,
       COALESCE(b.billed,0) AS billed
FROM po p
LEFT JOIN g ON g.po_no=p.po_no AND g.po_line=p.po_line
LEFT JOIN b ON b.po_no=p.po_no AND b.po_line=p.po_line;
```

एसक्यूएल येत नसेल तर एक्सेलच्या पॉवर क्वेरीत हेच `Group By` आणि मग `Merge` वापरून होतं. क्रम मात्र तोच, आधी गट, मग जोड. आपल्या पत्र्याची ओळ अशी निघते: पीओ ५,०००, आलं ४,९७८, रिजेक्ट १८०, बिल ५,०००.

या क्वेरीत एक भोक आहे आणि ते माहीत असायला हवं. ती पीओपासून सुरू होते. त्यामुळे ज्या बिलावर पीओ नंबरच नाही किंवा चुकीचा आहे, ते बिल या यादीत कधीच दिसणार नाही. म्हणजे ज्या बिलाची सगळ्यात जास्त काळजी करावी तेच अदृश्य. `inv` मधल्या ज्या ओळींना `po` मध्ये जोडीदार नाही त्यांची वेगळी यादी त्याच रिपोर्टच्या दुसऱ्या शीटवर काढा.

पायरी दुसरी: 'आलेला' आणि 'स्वीकारलेला' माल वेगळा ठेवा

दुसऱ्या गाडीचं बिल २,५०० किलोचं, पास झालेला माल २,३१०. फरक १९० किलो. बऱ्याच रिपोर्टमध्ये एवढाच आकडा येतो: 'क्वांटिटी फरक १९०'. ही ओळ स्टोअरकडे गेली की स्टोअर म्हणतं, आमचं वजन बरोबर आहे, क्यूसीला विचारा. क्यूसी म्हणतं, आम्ही १८० च रिजेक्ट केले, १९० कुठून आले? आणि ओळ आठवडाभर लाल राहते.

या १९० मध्ये दोन वेगळे प्रकार मिसळलेले आहेत. १० किलो काट्यावर कमी भरले. हा वजनाचा फरक, त्याचं उत्तर स्टोअर किंवा पार्टी देईल. १८० किलो रिजेक्ट. त्याचं उत्तर क्यूसीच्या रिपोर्टात आहे आणि पैसे पार्टीकडून परत घ्यायचे आहेत. म्हणून रिपोर्टमध्ये दोन रकाने करा: एकात बिल वजा आलेलं, दुसऱ्यात रिजेक्ट.

एसएपी वापरत असाल तर इथे थोडं सावध राहा. साध्या सेटिंगमध्ये `MIRO` बिलाची क्वांटिटी ताडून बघते ती `MIGO` मध्ये झालेल्या रिसीटशी, आणि क्यूसीत अडकलेला मालही त्या रिसीटमध्ये धरलेला असतो. रिजेक्ट मालाची रिटर्न एंट्री, म्हणजे `122` मूव्हमेंट, पडेपर्यंत सिस्टीमच्या दृष्टीने तो माल तुमचाच. क्यूसीने कागदावर लाल शिक्का मारला आणि एंट्री राहून गेली, तर बिल निमूटपणे पास होतं. टॅलीत 'Receipt Note' वापरणाऱ्यांकडे 'Purchase Bills Pending' हा रिपोर्ट माल आला पण बिल नाही, किंवा बिल आलं पण माल नाही, एवढं छान दाखवतो. रिजेक्शनची नोंद मात्र शिस्तीने 'Rejections Out' मध्ये केली तरच दिसते.

पायरी तिसरी: क्वांटिटी एकूण बघा, रेट बिलागणिक बघा

पत्र्याच्या दोन्ही बिलांची रक्कम: १,७०,००० अधिक १,७३,७५०, एकूण ३,४३,७५०. भागिले ५,००० किलो, सरासरी रेट ६८.७५. पीओच्या ६८ पेक्षा १.१ टक्के जास्त. रेटला २ टक्के सूट ठेवली असेल तर ओळ हिरवी.

पण दुसऱ्या बिलातला रेट पीओपेक्षा २.२ टक्के वर आहे. पहिल्या बिलाच्या बरोबर रेटने त्याला सावलीत घेतलं. पीओ जितका मोठा आणि बिलं जितकी जास्त, तितका हा प्रकार जास्त. म्हणून रेटची तपासणी बिलाच्या प्रत्येक ओळीवर करा, बेरजेवर नको.

क्वांटिटीचं उलट आहे. एका पीओचा माल पाच गाड्यांत येतो आणि पार्टी तीन बिलं करते, असं नेहमीच होतं. तिथे बिलाला एकेक जीआरएन लावत बसलात तर खोट्या लाल ओळींचा ढीग पडेल. आजवर एकूण किती आलं आणि एकूण किती बिल झालं, हे बघणं पुरतं. ज्या मालाला गाडी तितकी बिलं असा शिरस्ता पक्का आहे, आपल्या पत्र्यासारखा, तिथे जीआरएनवर पार्टीचा बिल नंबर टाकून बिलागणिक क्वांटिटी तपासता येते. तसं जमत असेल तर जरूर करा.

एक बारीक गोष्ट: युनिट. पीओ नगात, बिल शंभरच्या बॉक्समध्ये, आणि जीआरएन किलोत, असे हार्डवेअरचे पीओ पाहिले आहेत. रूपांतर आयटम मास्टरमध्ये एकदाच बसवा. बिल एंट्री करणाऱ्याला दर वेळी कॅल्क्युलेटरवर करायला लावलंत तर फरक मालात आहे की बोटात, हे कधीच कळणार नाही.

पायरी चौथी: फरकाचे रुपये करा, आणि तेही तुकड्यांत

दुसऱ्या बिलाची रक्कम १,७३,७५०. पीओच्या रेटने, पास झालेल्या मालाचे किती व्हायला हवेत? २,३१० गुणिले ६८, म्हणजे १,५७,०८०. फरक १६,६७०. हा आकडा एकटा टाकला तर कोणालाच काही बोध होत नाही. तो फोडायचा असा: क्वांटिटीच्या फरकाला पीओचा रेट लावायचा आणि रेटच्या फरकाला बिलाची क्वांटिटी.

रिजेक्ट: १८० × ६८ = १२,२४०
वजन कमी: १० × ६८ = ६८०
रेट: २,५०० × १.५० = ३,७५०

बेरीज बरोबर १६,६७०. हा नियम सगळीकडे सारखा पाळा. कोणी क्वांटिटीला बिलाचा रेट आणि रेटलाही बिलाची क्वांटिटी लावली, तर १९० किलोवरचा दीड-दीड रुपया दोनदा मोजला जातो आणि तुकड्यांची बेरीज एकूण फरकापेक्षा २८५ रुपयांनी जास्त येते. रिपोर्टमध्ये 'तुकड्यांची बेरीज वजा एकूण फरक' असा एक रकाना ठेवा. तो शून्य नसेल तर फॉर्म्युला तपासा, पार्टीला फोन करू नका.

पायरी पाचवी: सूट किती आणि कशावर

सूट, म्हणजे टॉलरन्स, नुसत्या टक्क्यात ठेवू नका. २ टक्के म्हटलं की दोन हजारांच्या बिलावर चाळीस रुपये होतात आणि वीस लाखांच्या बिलावर चाळीस हजार. टक्का आणि रुपये दोन्ही मर्यादा घाला आणि दोहोंपैकी एक जरी ओलांडली तरी ओळ रिपोर्टमध्ये येऊ द्या. उदाहरणापुरतं वजनाला अर्धा टक्का किंवा १,००० रुपये, आणि रेटला २ टक्के किंवा २,००० रुपये धरू. तुमचे आकडे तुमच्या मालावर ठरतील. नगावर मोजायच्या मालाला क्वांटिटीत सूट शून्यच हवी. शंभर मोटारींपैकी अर्धी मोटार काट्यावर कमी भरत नसते.

पहिलं बिल आता बघा. १२ किलो कमी, ०.४८ टक्के, ८१६ रुपये. दोन्ही मर्यादांच्या आत; बिल पूर्ण पास. दुसऱ्या बिलातले १० किलो, ६८० रुपये, हेही आत. ते सोडून द्या. रिजेक्टला मात्र सूट लावायची नाही, एक किलो असला तरी. वजनाची सूट आहे ती दोन काटे सारखे दाखवत नाहीत म्हणून. गंजलेला पत्रा काट्याच्या चुकीने गंजत नाही. आणि रेट दोन्ही मर्यादांच्या बाहेर.

तेव्हा दुसऱ्या बिलाचे द्यायचे: २,५०० वजा १८०, म्हणजे २,३२० किलो, गुणिले ६८, म्हणजे १,५७,७६०. अडवायचे १५,९९०, आणि त्यावरचा १८ टक्के जीएसटी २,८७८.२०.

पायरी सहावी: प्रत्येक ओळीला एकच धनी, आणि क्रम दिवसांवर

रात्रीच्या रिपोर्टमध्ये आपलं दुसरं बिल दोन ओळींत यायला हवं, एका ओळीत नाही. एक ओळ 'रिजेक्ट १८० किलो, १२,२४० रुपये, क्यूसी'. दुसरी 'रेट ६९.५०, पीओ ६८, ३,७५० रुपये, पर्चेस'. एका ओळीवर दोन खात्यांची नावं असली की ती कोणाचीच नसते.

पर्चेसला जाणारी मेल अशी असू द्या: "पीओ ११८७, ओळ १. बिलात रेट ६९.५०, पीओत ६८. दोन बिलांपैकी दुसऱ्यातच वाढ आहे. १८ जूनच्या आधी रेट वाढवून द्यायचं ठरलं होतं का? असल्यास पार्टीशी झालेला पत्रव्यवहार पाठवा. नसल्यास ३,७५० ची डेबिट नोट काढतो." उत्तर हो किंवा नाही एवढंच येऊ शकतं. "कृपया तपासून कळवा" असं लिहिलंत तर उत्तर येतं, "तपासतो."

या मेलवर पर्चेसकडून एक उत्तर फार सहज येतं: "पीओ अमेंड केला आहे, आता जुळेल." आणि दुसऱ्या दिवशी ओळ खरंच गायब होते. पार्टीने बिल पाठवल्यावर पीओचा रेट बिलाएवढा करून घेतला, तर मेळ घालण्याला काही अर्थच उरत नाही. रेट वाढ खरी असेलही, पोलादाचे भाव हलतातच. पण अमेंडमेंटची तारीख बिलाच्या तारखेनंतरची असेल तर तीच एक वेगळी एक्सेप्शन म्हणून रिपोर्टमध्ये आली पाहिजे, आणि ती पास करणारा माणूस अमेंडमेंट करणाऱ्याच्या वरचा पाहिजे. एसएपीत मर्यादेबाहेरचं बिल पेमेंटसाठी आपोआप `R` ने ब्लॉक होतं आणि `MRBR` मधून सुटतं. `MRBR` चे हक्क पर्चेसकडे असता कामा नयेत.

आता क्रम. बहुतेक रिपोर्ट रकमेनुसार उतरत्या क्रमाने लावलेले असतात. माझ्या मते हे चुकीचं आहे, निदान आपल्याकडे. माल देणारी पार्टी उद्यममध्ये नोंदलेली सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल, तर २००६ च्या एमएसएमईडी कायद्याच्या कलम १५ प्रमाणे लेखी करार असला तरी माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात; करारच नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर कलम १६ प्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज. शिवाय १९६१ च्या आयकर कायद्यात २०२३ साली आलेल्या कलम ४३बी(एच) मुळे या मुदतीत न दिलेला खर्च पैसे प्रत्यक्ष दिलेल्या वर्षातच वजा मिळू लागला, म्हणून ३१ मार्चच्या आसपास ही यादी सगळेच काढतात. रिपोर्टवाल्याने ती वर्षभर बघायची असते.

आणि 'स्वीकारल्याचा दिवस' म्हणजे कोणता? कायद्याप्रमाणे माल प्रत्यक्ष मिळाल्याचा दिवस. पण मिळाल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली, तर पार्टीने ती हरकत दूर केल्याचा दिवस. आपल्या दुसऱ्या गाडीचा पत्रा १८ जूनला आला. रिजेक्शनचं पत्र किंवा मेल ३ जुलैच्या आत पार्टीला गेली पाहिजे. क्यूसीने फोनवर सांगितलं आणि कागद १० जुलैला निघाला, तर माल १८ जूनलाच स्वीकारला असं धरलं जाईल आणि ४५ दिवस २ ऑगस्टला संपतील, गंज असो वा नसो.

म्हणून रिपोर्टमध्ये 'माल आल्यापासून दिवस' हा रकाना घ्या आणि क्रम त्यावर लावा. दिवस मोजायचे ते गेट एंट्रीपासून. जीआरएनच्या तारखेपासून नाही, कारण स्टोअरचे जीआरएन चार-चार दिवस मागे असतात. रिजेक्टची ओळ दहाव्या दिवसापर्यंत लेखी हरकतीशिवाय असेल तर ती सगळ्यात वर येऊ द्या, मग ती रक्कम बाराशेची का असेना.

बिल आलं आणि जीआरएन अजून नाही, अशी ओळ पहिले दोन-तीन दिवस एक्सेप्शन नसते, ती 'थांबलेली' असते. तिला वेगळा रंग द्या. त्यानंतरही जीआरएन नसेल तर गेट रजिस्टर बघा: गाडी आत आलीच नसेल तर बिल आधी पाठवलेलं आहे, आली असेल तर जीआरएन राहिला आहे. दोन्ही वेळी जीएसटीचं क्रेडिट घ्यायची घाई करू नका. सीजीएसटी कायद्याच्या कलम १६(२) मध्ये माल मिळालेला असणं ही अटच आहे.

पायरी सातवी: ओळ बंद कशी होते

रेटबद्दल पर्चेसकडून "ठरलं नव्हतं" असं आलं आणि रिजेक्शन पार्टीने मान्य केलं, की बिल पूर्ण रकमेला बुक करून १५,९९० अधिक टॅक्सची डेबिट नोट काढतात आणि उरलेलं पेमेंटला सोडतात. वादातल्या रकमेपायी आख्खं बिल अडकवू नका; १,५७,७६० आणि त्यावरचा टॅक्स यांच्याबद्दल कोणाचंच दुमत नाही. तुमची डेबिट नोट ही तुमच्या पुस्तकातली मागणी असते. टॅक्स खऱ्या अर्थाने कमी होण्यासाठी पार्टीने कलम ३४ खालची क्रेडिट नोट काढून ती तिच्या रिटर्नमध्ये दाखवायला हवी. ती तुमच्या २बी मध्ये आली का, हे बघेपर्यंत ओळ 'बंद' करू नका, 'क्रेडिट नोट बाकी' ठेवा.

आता पार्टी महिन्याने बदली १८० किलो पत्रा पाठवते, नव्या बिलावर. एकूण बिल झालं ५,१८० किलो, पीओ ५,००० चा. पुन्हा लाल. हे खोटं आहे, आणि ते टाळायचा एकच मार्ग: क्रेडिट नोट एंट्री करताना तिच्यावर पीओ नंबर आणि ओळ-नंबर टाकून १८० किलो वजा करणे. नुसती रक्कम जर्नलने टाकली तर खात्याचा बॅलन्स जुळतो, क्वांटिटी कधीच जुळत नाही. जुन्या पीओंवर वर्षानुवर्षं रेंगाळणाऱ्या ओळी मी उघडून बघतो तेव्हा त्यातल्या बऱ्याच याच असतात.

दोन तपासण्या, ज्या मेळात येत नाहीत

पहिली, दुबार बिल. तेच बिल मेलने एकदा आणि कुरिअरने एकदा येतं, दोन माणसं एंट्री करतात, एक `SS/0417` टाकतो, दुसरा `SS-0417`. सिस्टीमला ही दोन बिलं वाटतात. जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे बिल नंबर १६ अक्षरांच्या आत आणि त्या आर्थिक वर्षात एकमेव असतो, त्यात रेघ आणि तिरकी रेघ चालते. म्हणून तुलना करण्याआधी त्या काढून टाका:

```
=UPPER(SUBSTITUTE(SUBSTITUTE(SUBSTITUTE(B2,"/",""),"-","")," ",""))
```

या साफ नंबराला पार्टीचा जीएसटीआयएन आणि आर्थिक वर्ष जोडून दुबार शोधा. पार्टी ई-इनव्हॉइस देत असेल तर आयआरएनच वापरा. तो ६४ अक्षरांचा असतो आणि क्यूआर कोड स्कॅन करून घेतला तर हाताने टाकायचा प्रश्नच येत नाही.

दुसरी तपासणी महिन्यातून एकदाच करायची, पण चुकवू नका. सूट दिलेल्या फरकांची पार्टीप्रमाणे बेरीज काढा. आपल्या पार्टीने पहिल्या गाडीत १२ किलो कमी दिले, दुसऱ्यात १०. दोन्ही वेळा सुटले, बरोबरच आहे. पण दोन काट्यांमधला साधा फरक असेल तर तो कधी इकडे, कधी तिकडे पडायला हवा. दहा गाड्यांत दहाही वेळा वजन कमीच आणि दर वेळी अर्ध्या टक्क्याच्या किंचित आत, असं दिसलं तर पार्टीला तुमची मर्यादा कळलेली आहे, किंवा तुमचाच काटा कमी दाखवतो आहे. कोणतं ते ठरवायचं तर दुसऱ्या पत्र्याच्या पार्टीच्या गाड्या बघा. त्यांचंही वजन सारखंच कमी येत असेल तर काटा वैधमापनशास्त्र विभागाकडून पुन्हा पडताळून घ्या, आणि तोवर या पार्टीला पत्र लिहू नका. फक्त हिचंच कमी येत असेल तर पुढच्या पीओमध्ये 'खरेदीदाराच्या काट्यावरचं वजन अंतिम' अशी अट घाला आणि या पार्टीपुरती वजनाची सूट शून्य करा. रिपोर्टमध्ये पार्टीनिहाय सूट ठेवायचा रकाना त्यासाठी पहिल्यापासून करून ठेवलेला बरा. नंतर घालायचा म्हटलं की आयटीवाले पुढची तिमाही दाखवतात.